कोर्स रद्द झाला, हप्ते मात्र चालूच: कुठून सुरुवात करायची

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दाजी घरी आले आणि चहा यायच्या आधीच त्यांनी मोबाईल पुढे केला. आदल्या दिवशी, 5 ऑक्टोबर 2024 ला, त्यांच्या खात्यातून 5,000 रुपये कटल्याचा मेसेज होता. भाच्याचा डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स रद्द झाल्याचा ईमेल येऊन तोवर अडीच आठवडे झाले होते. "कोर्सच नाही, तर हप्ता कसला?" हा दाजींचा प्रश्न. आणि भाच्याचं उत्तर, "कंपनीवाले म्हणाले, आपोआप बंद होईल."

मी एका सहकारी बँकेत क्लिअरिंगचं काम बघतो. असे हप्ते रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून एवढं तेव्हाच सांगितलं की आपोआप काहीही बंद होत नसतं. पुढचे चार महिने आम्ही जे केलं, जिथे चुकलो आणि जे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहितोय. कंपनीचं आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते.

आधी व्यवहार समजून घ्या

बहुतेक जण समजतात की आपण कंपनीला फी हप्त्याने देतोय. तसं नसतं. तुमचे दोन वेगळे करार झालेले असतात. पहिला शिकवणाऱ्या कंपनीशी, की ती शिकवेल आणि तुम्ही फी द्याल. दुसरा एखाद्या वित्त कंपनीशी किंवा बँकेशी, की ती तुमच्या वतीने फी एकरकमी भरेल आणि तुम्ही ते पैसे तिला हप्त्याने फेडाल. कर्जाची रक्कम तुमच्या खात्यात येतच नाही, थेट कोर्सवाल्या कंपनीकडे जाते. म्हणून ते कर्ज वाटत नाही, पण कागदावर ते पूर्ण कर्ज असतं. त्या दुसऱ्या करारात बहुधा एक ओळ असते: संस्थेने सेवा दिली नाही तरी कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी कायम राहील. कोर्स रद्द झाला तरी हप्ता चालू राहतो तो या ओळीच्या जोरावर.

आमच्या बाबतीत आकडे असे होते. कोर्सची फी 96,000. त्यातले 6,000 बुकिंग म्हणून भाच्याने यूपीआयने भरले. उरलेल्या 90,000 चं कर्ज, 18 हप्ते, प्रत्येकी 5,000, दर महिन्याच्या 5 तारखेला. 'व्याज शून्य' असं सेल्सवाल्याने सांगितलं होतं, आणि 18 गुणिले 5,000 बरोबर 90,000 होतात, म्हणून सगळ्यांना ते पटलंही.

व्याज शून्य नसतं. ते कंपनी आधीच भरते. कर्ज देणाऱ्याने कोर्सवाल्या कंपनीला 90,000 दिलेच नव्हते. 10,800 स्वतःकडे कापून घेऊन 79,200 दिले होते. हे आम्हाला बऱ्याच उशिरा, कर्जखात्याचा उतारा मागवल्यावर कळलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परताव्याच्या वेळी सगळा घोळ इथेच होतो.

पायरी पहिली: कर्ज कुणी दिलं आणि कुणाला दिलं

ज्या अॅपवर हप्ते दिसतात ती कर्ज देणारी संस्था असेलच असं नाही. बऱ्याचदा अॅप मध्यस्थाचं असतं आणि पैसे मागे उभ्या असलेल्या एखाद्या नॉन-बँकिंग वित्त कंपनीचे असतात. तक्रार मध्यस्थाकडे करत बसलात तर आठवडे जातात आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी ज्या तीस दिवस थांबावं लागतं, त्यांची मोजणीही सुरू होत नाही.

खरं नाव तीन ठिकाणी सापडतं. पहिलं, कर्ज मंजूर होताना ईमेलवर आलेल्या 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाच्या पानावर. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या 2022 च्या नियमांनी हे पान देणं बंधनकारक केलं, आणि मे 2025 च्या निर्देशांतही ते आहे. वार्षिक खर्चाचा दर, वसुलीची पद्धत आणि तक्रार कुणाकडे करायची, हे त्यात लिहिलेलं असतं. दुसरं, बँकेच्या उताऱ्यात त्या हप्त्यासमोर. तिथे एसीएच किंवा नॅच असं लिहून पुढे वसूल करणाऱ्याचं नाव असतं, कधी अर्धवट तुटलेलं. तिसरं आणि सगळ्यात खात्रीचं, तुमचा क्रेडिट रिपोर्ट. देशात सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात कर्ज ज्याच्या नावाने दिसतं तोच तुमचा सावकार.

आता कर्जदार कोण ते बघा. भाचा वीस वर्षांचा, त्याला पगार नाही. म्हणून सेल्सवाल्याने फोनवर दाजींचं पॅन आणि आधार मागवून, ओटीपी घेऊन, कर्ज दाजींच्या नावावर केलं होतं. दाजींना वाटत होतं आपण 'गॅरंटर' आहोत. ते मुख्य कर्जदार होते. याचा अर्थ तक्रारीचा प्रत्येक ईमेल दाजींच्या नावाने, त्यांच्या नोंदवलेल्या ईमेलवरून जायला हवा. भाच्याने आधी पाठवलेल्या दोन ईमेलना 'आपण आमचे ग्राहक नाही' असं उत्तर आलं होतं, आणि ते उत्तर नियमाने बरोबरच होतं.

पायरी दुसरी: पुरावा, लॉगिन बंद व्हायच्या आत

कोर्स गुंडाळणारी कंपनी पहिल्यांदा काय करते, तर विद्यार्थ्यांचं लॉगिन बंद करते. त्यामुळे आज रात्रीच बसा. डॅशबोर्डवर किती तास झाले, किती झाले नाहीत, बॅचची तारीख कितीदा पुढे गेली, याचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असे. व्हॉट्सअॅप ग्रुपची चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा, कारण ग्रुप अॅडमिनने काढून टाकलं की नवीन काही मिळत नाही. प्रवेशाच्या वेळच्या अटींची पीडीएफ शोधा. संकेतस्थळावरच्या अटी नंतर बदलतात. तुम्हाला लागू होतात त्या तुम्ही प्रवेश घेतला त्या दिवशीच्या.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कंपनीने स्वतः कोर्स रद्द केल्याचं लेखी. आमच्याकडे 18 सप्टेंबरचा ईमेल होता. तुमच्याकडे नसेल आणि नुसतं फोनवर सांगितलं असेल, तर तुम्हीच ईमेल पाठवा: 'आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं की बॅच रद्द झाली आहे. हे चूक असेल तर तीन दिवसांत कळवावे.' उत्तर नाही आलं तरी तो कागद तयार होतो.

कर्ज घेऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर आधी की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये 'कूलिंग-ऑफ' मुदत बघा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंड न देता कर्जातून बाहेर पडता येतं. 2022 च्या नियमांत सात किंवा जास्त दिवसांच्या कर्जांना ही मुदत किमान तीन दिवस होती, 2025 च्या निर्देशांत ती किमान एक दिवस आहे. म्हणजे ज्याला ही मुदत माहीत होते, त्याची ती बहुधा संपलेली असते.

पायरी तिसरी: कर्ज देणाऱ्याला पहिला ईमेल

लोक सगळी शक्ती कोर्सवाल्या कंपनीशी भांडण्यात घालवतात. भांडा, पण हप्ता कापतोय दुसराच. त्याला लेखी कळवेपर्यंत त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे.

ईमेल त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा. कस्टमर केअरला नको. अधिकाऱ्याचा पत्ता की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. कोर्सवाल्या कंपनीला त्याच ईमेलची प्रत लावा. आम्ही 9 ऑक्टोबरला पाठवलेल्या ईमेलचा गाभा हा होता:

'माझ्या कर्ज खाते क्रमांक अमुकमधील रक्कम आपण थेट अमुक कंपनीला अदा केली आहे. सदर कंपनीने 18 सप्टेंबर 2024 रोजी कोर्स रद्द केल्याचे लेखी कळवले आहे (प्रत सोबत). मी कोर्स सोडलेला नाही, कंपनीने तो दिलेला नाही. कृपया (1) हे कर्ज वादग्रस्त म्हणून नोंदवावे, (2) कंपनीकडून अदा रक्कम परत मागवून कर्ज रद्द करावे, (3) निर्णय होईपर्यंत पुढील हप्ते थांबवावेत आणि क्रेडिट कंपन्यांकडे थकबाकी कळवू नये, (4) कर्ज करार, की फॅक्ट स्टेटमेंट आणि कंपनीला नेमकी किती रक्कम कोणत्या तारखेला दिली हे दाखवणारा खाते उतारा द्यावा. यापुढील प्रत्येक हप्ता मी हरकत नोंदवून भरत आहे.'

'मी सोडलेला नाही, कंपनीने दिलेला नाही' हे वाक्य गाळू नका. 'मला कोर्स कॅन्सल करायचा आहे' असं चुकून लिहिलंत, तर तो तुमचा स्वेच्छेचा राजीनामा ठरतो आणि अटींमधली सगळी कपात लागू होते. भाच्याने चॅटवर नेमकं हेच लिहिलं होतं, आणि ते आम्हाला पुढे नडलं.

चौथी मागणी दिसायला किरकोळ, पण 79,200 चा आकडा तिच्यामुळेच बाहेर आला.

उत्तर 31 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत आलं: 'कोर्सबाबतचा वाद आपण संस्थेशी मिटवावा. हप्ते वेळेवर भरावेत.' हे उत्तर बहुतेकांना येतं आणि वाचून बहुतेक जण हात टेकतात. खरं तर हे उत्तर आल्यावरच वरची पायरी उघडते, कारण तुमची तक्रार लेखी नाकारली गेलेली असते.

पायरी चौथी: हप्ता थांबवायचा की नाही

इथे थोडं थांबतो, कारण घरोघरी इथेच चूक होते.

सगळ्यात सोपा उपाय म्हणून लोक खातं रिकामं ठेवतात. पाच तारखेच्या आधी पैसे दुसऱ्या खात्यात, झालं. हा सगळ्यात वाईट मार्ग. हप्ता परत गेला की तुमची बँक दंड लावते, कर्ज देणारा वेगळा दंड लावतो, आणि तोच हप्ता काही दिवसांनी पुन्हा सादर झाला तर बँकेचा दंड पुन्हा. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 चं कलम 25 आहे. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला, तर चेक बाऊन्ससारखीच फौजदारी कारवाई होऊ शकते. त्यात नोटीस, पैसे भरायला मुदत वगैरे टप्पे आहेत, लगेच कुणी उचलून नेत नाही. पण या कलमाचा उल्लेख असलेली वकिलाची नोटीस घरी आली की वडीलधाऱ्यांची झोप उडते.

दुसरा मार्ग मँडेट रद्द करण्याचा. मँडेट म्हणजे तुम्ही ओटीपी किंवा सही देऊन बँकेला दिलेली कायमची परवानगी, की अमुक संस्थेने मागितले की अमुक रकमेपर्यंत पैसे द्या. दिलेली परवानगी मागे घेता येते. आपल्या बँकेत लेखी अर्ज करायचा, त्यात मँडेटचा वीस अक्षरांचा यूएमआरएन क्रमांक घालायचा. काही बँकांत हे नेट बँकिंगमधूनही होतं. 'आधी कर्जवाल्याचं पत्र आणा' असं काउंटरवर सांगतील. शांतपणे म्हणायचं, परवानगी मी दिली होती, मीच मागे घेतोय, अर्जावर पोच द्या. अर्ज हप्त्याच्या निदान आठवडाभर आधी द्या. आदल्या दिवशी दिलेला अर्ज आमच्या टेबलावर पोचेपर्यंत फाईल आलेली असते. हप्ता यूपीआय ऑटोपेवर असेल तर त्या यूपीआय अॅपमध्येच तो रद्द करायची सोय असते.

पण मँडेट रद्द झालं म्हणजे कर्ज संपलं नाही. कर्ज देणाऱ्याच्या वहीत तो हप्ता थकीतच राहतो, दिवस मोजले जातात आणि ते सिबिलला कळवले जातात. नव्वद दिवस ओलांडले की कर्ज बुडीत वर्गात जातं. त्यामुळे प्रश्न असा विचारा: पुढच्या वर्षभरात या कर्जदाराला दुसरं कर्ज लागणार आहे का? दाजींना लागणार होतं. घराच्या स्लॅबसाठी बँकेत त्यांचा अर्ज पडलेला होता. म्हणून आम्ही 5 नोव्हेंबरचा हप्ता जाऊ दिला आणि त्याच दिवशी 'हरकत नोंदवून भरला' असा एका ओळीचा ईमेल टाकला. पाच हजार गेले, पण स्लॅबचं कर्ज वाचलं. ज्याला कर्जाची गरज नाही आणि ज्याचे दोन-तीनच हप्ते गेलेत, त्याने मँडेट रद्द करून भांडण्याचा पर्याय घेतला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. फक्त सिबिलला ठिपका पडणार हे माहीत असून घ्यावा. 'काही होत नाही' असं सांगणाऱ्या मित्राच्या भरवशावर नको.

थकबाकी झाली की वसुलीचे फोन येतात. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि नातेवाइकांना किंवा मित्रांना फोन करून बदनामी करायलाही. आलेल्या वेळांचे स्क्रीनशॉट ठेवा. ती वेगळी, स्वतंत्र तक्रार होते.

कोर्सचे पैसे क्रेडिट कार्डवरून ईएमआय करून भरले असतील तर तुमचा रस्ता निराळा आहे. 'सेवा मिळाली नाही' म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर वाद नोंदवा. त्याला मुदत असते, तेव्हा आजच फोन करा.

पायरी पाचवी: 'रिफंड झाला' म्हणजे किती झाला

नोव्हेंबरच्या शेवटी कंपनीचा ईमेल आला: रिफंड प्रोसेस झाला आहे. भाच्याने पेढे आणायची तयारी केली. 5 डिसेंबरला पुन्हा 5,000 कटले.

काय झालं होतं ते नीट बघा. तोवर जून ते नोव्हेंबर सहा हप्ते, म्हणजे 30,000 गेले होते. कर्जाच्या वहीत बाकी होती 60,000. कंपनीने त्यातून 15 टक्के 'प्रशासकीय खर्च' म्हणजे 9,000 कापले आणि 51,000 कर्ज देणाऱ्याला पाठवले. त्यामुळे कर्ज बंद झालं नाही, 9,000 बाकी राहिली. हप्त्याचं यंत्र ठरल्याप्रमाणे चालू राहिलं. डिसेंबरचे पाच हजार गेल्यावर 4,000 उरले.

रिफंडचा ईमेल आला की म्हणून पहिला प्रश्न कंपनीला विचारायचा नाही. कर्ज देणाऱ्याला विचारायचा: माझ्या खात्यात किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या व्यवहार क्रमांकाने आली आणि आता बाकी किती? बाकी शून्य नसेल तर पुढचा हप्ता येणारच.

मग मी एका संध्याकाळी कागदावर हिशेब मांडला. भाचा आणि दाजींच्या खिशातून गेले: बुकिंगचे 6,000 आणि सात हप्त्यांचे 35,000, एकूण 41,000. बदल्यात शिकवणी शून्य. कोर्सवाल्या कंपनीला मिळाले होते 79,200 आणि 6,000, म्हणजे 85,200. तिने परत केले 51,000, म्हणजे तिच्याकडे राहिले 34,200. कर्ज देणाऱ्याने दिले होते 79,200, त्याला आले 35,000 आणि 51,000 मिळून 86,000, म्हणजे त्याचे 6,800 सुटले. 34,200 आणि 6,800 ची बेरीज बरोबर 41,000. दाजी कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे दोघांनीही खाल्ले." वर आणखी 4,000 मागितले जात होते ते वेगळेच.

असा कागद तुम्हीही करा. तीन रकाने: आपले गेले, कंपनीकडे राहिले, कर्जवाल्याकडे राहिले. तिन्हींचा मेळ बसला की तक्रारीत कुणाकडून नेमकं किती मागायचं ते आपोआप ठरतं. 'पूर्ण रिफंड द्या' या मागणीला कुणी दाद देत नाही. '34,200 आपल्याकडे आहेत' याला उत्तर द्यावं लागतं.

15 टक्क्यांच्या कपातीचं कलम आम्ही अटींमध्ये शोधलं. ते 'विद्यार्थ्याने प्रवेश मागे घेतल्यास' असं होतं. कंपनीने कोर्स रद्द केल्यास काय, यावर अटी गप्प होत्या. कंपनीने लगेच भाच्याची ती चॅट पुढे केली, 'कॅन्सल करायचा आहे' वाली. पण चॅटची तारीख 20 सप्टेंबर होती आणि त्यांचा स्वतःचा ईमेल 18 चा. दोन दिवसांच्या फरकाने आम्ही वाचलो.

पायरी सहावी: लोकपाल

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. अट एकच: आधी कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार झालेली असावी आणि त्याने ती नाकारलेली असावी किंवा तीस दिवस उत्तर दिलेलं नसावं. ही अट पुरी झाली की थांबू नका, मुदतीचे नियम बदलत असतात. तक्रार cms.rbi.org.in वर करता येते, अडलं तर 14448 वर फोन. सगळ्या लहान वित्त कंपन्या या योजनेत येत नाहीत. नाव निवडताना यादीत तुमची संस्था नसेल, तर निराळा मार्ग पोर्टलच सुचवतं.

शब्द मात्र जपून. 'कोर्सवाल्यांनी फसवलं' असं लिहिलंत तर तक्रार परत येईल, कारण कोर्सवाली कंपनी लोकपालाच्या कक्षेत नाही. तक्रार कर्ज देणाऱ्याच्या सेवेतल्या त्रुटीची हवी. आम्ही 11 नोव्हेंबरला लिहिलं ते असं: सेवा रद्द झाल्याचा पुरावा देऊनही कर्ज रद्द करण्याच्या अर्जावर निर्णय दिला नाही, मागितलेला करार दिला नाही, कर्ज विकणाऱ्या मध्यस्थाच्या चुकीची जबाबदारी झटकली. हे शेवटचं महत्त्वाचं. मध्यस्थ अॅपने किंवा एजंटाने जे केलं त्याला कर्ज देणारी संस्था जबाबदार राहते, हे डिजिटल कर्जाच्या नियमांत स्पष्ट आहे. सेल्सवाला त्या संस्थेचा अधिकृत मध्यस्थ होता का, हे तिच्या संकेतस्थळावरच्या यादीत तपासता येतं.

आणखी एक. याच कारणासाठी ग्राहक आयोगात किंवा कोर्टात आधीच गेला असाल, तर लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग.

डिसेंबरचा हप्ता कटल्यावर आम्ही तिथेच तीन रकान्यांचा कागद जोडला. जानेवारीत कर्ज देणाऱ्या संस्थेतून एका बाईंचा फोन आला, आवाज अचानक फारच मऊ. उरलेले 4,000 त्यांनी सोडले आणि कर्ज बंद केलं.

पायरी सातवी: उरलेल्या पैशांसाठी आयोग

कर्ज बंद झालं, पण 41,000 अजून बाहेरच होते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आम्ही आधी तक्रार नोंदवली. तिथून कंपनीला पाठपुरावा होतो, पण हुकूम देण्याचा अधिकार तिला नाही. आमच्या कंपनीने 'धोरणानुसार रिफंड दिला' असं एका ओळीत कळवलं.

मग जिल्हा ग्राहक आयोग. इथे नव्या माणसाला ज्या तीन गोष्टींची भीती वाटते, त्या खऱ्या नाहीत. करारात 'वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात' असं लिहिलं असलं तरी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दाजींनी लातूरलाच केली. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाईन भरता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

'शिक्षण ही सेवा नाही' असा बचाव कंपनी घेईल. विद्यापीठांबाबत तो वाद न्यायालयांत आहे, पण कोचिंग देणाऱ्या संस्था शैक्षणिक संस्था नव्हेत आणि त्यांच्या त्रुटी आयोगाच्या कक्षेत येतात, असं राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये म्हटलं आहे. विरुद्ध पक्ष म्हणून कंपनी आणि कर्ज देणारा दोघांनाही घ्या, आणि तक्रारदार म्हणून विद्यार्थी आणि कर्जदार दोघेही. एकालाच घेतलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. हप्ते अजून चालू असतील तर तक्रारीसोबत अंतरिम अर्ज द्या की निकालापर्यंत हप्ते आणि सिबिलमधली नोंद थांबवावी. असा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला कलम 38 मध्ये आहे.

कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर तिच्याविरुद्धचे दावे स्थगित होतात. मग नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत आपल्या रकमेचा दावा दाखल करायचा. पैसे किती मिळतील ते सोडा, पण त्या स्थगितीचा फायदा कंपनीलाच असतो, कर्ज देणाऱ्याला नाही. त्याच्याविरुद्धची तक्रार चालू ठेवता येते.

पायरी आठवी: कर्ज बंद झाल्यावरचे तीन कागद

फोनवर 'बंद झालं' ऐकून सोडू नका. पहिला कागद एनओसी, खाते क्रमांकासह, बाकी शून्य असं लिहिलेली. दुसरा, मँडेट रद्द केल्याची पावती. कर्ज बंद झाल्यावरही मँडेट जिवंत राहतं आणि कधीतरी कुणाच्या तरी चुकीने त्यावर एखादा हप्ता येऊन पडतो. असे मी स्वतः परत पाठवलेत.

तिसरा, दीड-दोन महिन्यांनी काढलेला क्रेडिट रिपोर्ट. त्यात कर्जासमोर 'क्लोज्ड' हवं. आमच्या रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' आलं होतं, कारण संस्थेने सोडलेले 4,000 तडजोड म्हणून नोंदवले गेले. सेटल्ड म्हणजे 'याने पूर्ण फेडलं नाही' असा शिक्का, आणि स्लॅबच्या कर्जाला तो लगेच आडवा आला असता. त्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवून एनओसी जोडली. तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे अर्जात लिहिलं होतं. सव्वीसाव्या दिवशी दुरुस्ती झाली.

दाजींचा स्लॅब पडला. लातूरच्या आयोगातली तक्रार अजून चालू आहे, पुढच्या तारखेला कंपनीचं लेखी म्हणणं यायचंय.